कपाटातली रिकामी जागा बघा

प्रश्न : "माझ्या होणाऱ्या सासऱ्यांची एकसष्टी पुढच्या रविवारी आहे. ते खूप वाचतात, घरात पुस्तकांची दोन कपाटं आहेत. पण काय आवडतं ते मला माहीत नाही, आणि मुलाला विचारलं तर तो म्हणतो 'बाबा काहीही वाचतात'. मी स्वतः फारसं वाचत नाही. बजेट हजारापर्यंत. सगळ्यांना आवडेल असं एखादं पुस्तक सांगा ना. आम्ही कोल्हापुरातच असतो."

ताई, मी कोल्हापुरात पुस्तकाच्या दुकानात काउंटरवर गेली सव्वीस वर्षं उभा आहे. "सगळ्यांना आवडेल असं द्या" हे वाक्य आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकतो. असं पुस्तक असतं, नाही असं नाही. पण दोन कपाटं भरलेल्या माणसाला ते देता येत नाही, कारण ते त्यांच्याकडे आधीच असतं. 'मृत्युंजय'चंच बघा. शिवाजी सावंत आपल्या आजऱ्याचे, पुस्तक १९६७ सालचं, आजही रोज मागणी. तरी निवृत्ती समारंभांच्या आणि लग्नाच्या हंगामात बदलून मागायला येणाऱ्या पुस्तकांत तेच सगळ्यात जास्त असतं. 'ययाति'चंही तसंच. पुस्तकं उत्तमच आहेत, पण वाचणाऱ्याच्या घरी ती कधीच येऊन बसलेली असतात, कधीकधी दोन-दोन.

म्हणून माझ्या मते तुमची खरी अडचण सासऱ्यांची आवड माहीत नसणं ही नाही. चाळीस वर्षं वाचणाऱ्या माणसाची आवड त्यालाही एका वाक्यात सांगता येत नाही, मुलाला कुठून येणार? अडचण अशी की त्यांच्याकडे काय आहे आणि काय नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही. आणि हे शोधता येतं. आवडीचा अंदाज बांधण्यापेक्षा ते पुष्कळ सोपं आहे.

त्यासाठी एकच प्रश्न विचारायचा. थेट त्यांनाच विचारलात तरी चालेल, भेटीचा सुगावा लागत नाही. चहाच्या वेळी सहज म्हणा, "एवढी पुस्तकं आहेत, लोक मागून नेत असतील ना? परत देतात का?" आणि मग गप्प बसा. पुस्तकवेडा माणूस या विषयावर पंधरा मिनिटं बोलल्याशिवाय राहत नाही. कोणी कोणतं पुस्तक नेलं, कधी नेलं, किती वेळा आठवण केली, शेवटी तो बदली होऊन सांगलीला कसा गेला, सगळं तारीखवार निघतं. त्यातलं एक नाव ते जरा रागानं किंवा हळहळून घेतील, तेवढं लक्षात ठेवायचं.

यामागचा विचार सांगतो. नेलेलं आणि न आलेलं पुस्तक म्हणजे त्यांनी स्वतःच्या पैशानं घेतलेलं, वाचलेलं, दुसऱ्याला वाचायला द्यावंसं वाटलेलं पुस्तक. आवडीचा यापेक्षा मोठा पुरावा मला काउंटरवर कधी मिळालेला नाही. शिवाय ते आता घरात नाही, म्हणजे दुसरी प्रत होण्याची भीती नाही. आणि ते पुन्हा विकत घ्यायला माणूस सहसा येत नाही. एकदा पैसे मोजलेत, परत कशाला, असं वाटत राहतं. ती जागा रिकामीच राहते.

विचारायची सोय नसेल तर मुलाकडून दोन्ही कपाटांचे फोटो मागवा. समोरून, प्रत्येक फळीचा वेगळा, पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचता येतील इतक्या जवळून. असे फोटो दाखवून पुस्तक निवडायला येणारी माणसं हल्ली वाढली आहेत आणि मला ते फार आवडतं. फोटोत नावांच्या आधी मी पुस्तकांची अवस्था बघतो. पाठीला उभ्या सुरकुत्या पडलेलं, कोपरे मऊ झालेलं पुस्तक पुन्हा पुन्हा उघडलेलं असतं. ज्याच्यावर अजून प्लास्टिकचं वेष्टन आहे ते बहुतेक कुणीतरी भेट दिलेलं असतं, आणि त्या प्रकारचं पुस्तक पुन्हा न्यायचं नाही हे तिथंच कळतं. रांगेपुढे आडवी ठेवलेली दोन-तीन पुस्तकं सध्या वाचनात असतात. आणि रांगेत बोटभर फट पडून शेजारची पुस्तकं तिरकी झाली असतील, तर तिथून काहीतरी गेलेलं आहे.

फोटो बघताना एक चूक हमखास होते. कपाटात आहे तेवढंच ते वाचतात असं लोक धरून चालतात. कोल्हापुरात तरी तसं नसतं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं, त्याशिवाय पेठापेठांतून वाचनालयं. इथले जुने वाचक कथा-कादंबऱ्या वर्गणी भरून वाचनालयातून आणतात आणि जे जवळ ठेवावंसं वाटतं तेवढंच विकत घेतात. त्यामुळे कपाटात सगळे इतिहासाचे आणि संदर्भाचे जाडजूड ग्रंथ दिसले तरी गृहस्थ कादंबरी वाचत नाहीत असा निष्कर्ष काढू नका. उलट अशा कपाटात एखादीच कादंबरी असेल तर ती फार जवळची समजायची. उशाशी वाचनालयाचा शिक्का असलेलं पुस्तक आहे का, हेही मुलाला बघायला सांगा.

गेल्या वर्षीचं एक उदाहरण सांगतो. एक वहिनी सासऱ्यांसाठी पुस्तक घ्यायला आल्या होत्या. "आमचे मामा पाटबंधारे खात्यातनं रिटायर झालेत, वाचायचा भयंकर नाद, पण मला त्यातलं काय कळत नाही." कोणीतरी ऐतिहासिक कादंबरी सुचवली होती, ती हातात धरूनच उभ्या होत्या. मी म्हटलं, आधी घरी फोन करून कपाटाचे फोटो मागवा. दहा मिनिटांत पाच फोटो आले.

वरच्या फळीवर बखरी आणि जुन्या पत्रव्यवहाराचे खंड. ते बघून मी हातातली कादंबरी परत रॅकमध्ये ठेवायला सांगितली. अस्सल कागदपत्रं वाचणाऱ्या माणसाला ऐतिहासिक कादंबरी दिली की तो पानोपानी अडखळतो, हे असं घडलंच नव्हतं म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही "इतिहासच" वाटतात, पण वाचणारे बरेचदा वेगळे असतात. याच कारणानं मी शाहू महाराजांवरचं पुस्तकही सुचवलं नाही. कोल्हापुरातल्या वाचत्या घरात ती चार-पाच असतातच, आणि त्या फळीवर होतीच.

मधल्या फळीवर ग्रामीण साहित्य होतं आणि तिथं मला हवं ते सापडलं. आनंद यादवांची 'झोंबी' आणि 'नांगरणी' शेजारी शेजारी, दोन्हींच्या पाठी पार खिळखिळ्या, 'झोंबी'तून कॅलेंडरच्या कागदाची खूण बाहेर आलेली. मग फट. फटीनंतर 'काचवेल', थोडं कलंडलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कागलच्या यादवांची ही आत्मचरित्रात्मक मालिका चार पुस्तकांची आहे. 'झोंबी', 'नांगरणी', 'घरभिंती' आणि 'काचवेल'. 'झोंबी'ला १९९० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला म्हणून तिचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. पुढची तीन आहेत हे भेट देणाऱ्याला बऱ्याचदा माहीतही नसतं. या घरात तिसरं पुस्तक नव्हतं.

तरी मी लगेच 'घरभिंती' काढून दिलं नाही. फट दिसली म्हणजे पुस्तक हरवलं असंच नाही. त्याच वेळी ते स्वतःच वाचायला काढून बसलेले असू शकतात, किंवा ते पुस्तक दुसऱ्या खोलीत असेल. मी वहिनींना यजमानांना एवढंच विचारायला सांगितलं, "बाबांचं 'घरभिंती' कुठं आहे?" स्पीकरवर उत्तर ऐकू आलं, "ते होय? ते बाबांच्या ऑफिसातल्या कोणीतरी नेलंय, पंधरा वर्षं झाली असतील. अजून नाव काढतात." दुकानात आम्ही सगळेच हसलो. पुस्तक ठरलं.

बजेट उरत होतं, म्हणून त्यांना दुसरंही एक घ्यायचं होतं. या दुसऱ्या पुस्तकाच्या बाबतीत मी थोडी जोखीम घेतो, आणि तसं स्पष्ट सांगून घेतो. पहिलं पुस्तक त्यांच्या वाचनाच्या आतलं असलं तर दुसरं त्याच वाटेवर एक पाऊल पुढचं असावं. तेव्हा मी कृष्णात खोत यांचं 'रिंगाण' सुचवलं. खोत आपल्याच जिल्ह्यातले, २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला, आणि विषय धरणामुळे उठलेल्या माणसांचा आणि मागं राहून गेलेल्या जनावरांचा. ज्यांचं आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं, त्यांनी धरणाची ही बाजू डोळ्यांनी बघितलेली असणार. यादवांच्या गावाकडून या गावाकडे यायला त्यांना फार वळसा पडणार नाही, असा माझा हिशेब होता.

पुढं काय झालं तेही सांगतो, कारण निम्मा हिशेब चुकला. आठ दिवसांनी मामा स्वतः दुकानात आले. 'रिंगाण' त्यांनी पुरस्कार जाहीर झाल्यावर वाचनालयातून आणून वाचलं होतं आणि एकदा वाचलं तेवढं पुरे असं त्यांचं मत होतं. बदल्यात त्यांनी धरणांवरचंच एक माहितीचं पुस्तक नेलं. विषयाचा अंदाज बरोबर निघाला, पुस्तक मात्र आधीच वाचून झालेलं. 'घरभिंती'बद्दल काही बोलले नाहीत. जाताना मात्र विचारलं, "पुस्तकावर नाव टाकायचा रबरी शिक्का कुठं करून मिळतो?"

ते पुस्तक बदलता आलं, कारण वहिनींनी त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. आपल्याकडे पुस्तक घेतलं की तिथंच काउंटरवर पेन मागून पहिल्या पानावर "सप्रेम भेट", खाली नाव, तारीख. लिहिलेलं पुस्तक कोणताही दुकानदार परत घेऊ शकत नाही, कारण ते पुढं विकता येत नाही. आणि घेणाऱ्यालाही अडकल्यासारखं होतं. तुमचा मजकूर एका सुट्या कार्डावर किंवा साध्या पोस्टकार्डावर लिहा आणि तो मुखपृष्ठाच्या आत ठेवा. पुस्तक ठेवून घेतो असं ते म्हणाले की पुढच्या भेटीत ते पुस्तक आणि पेन त्यांच्यापुढे ठेवून "आता लिहू का?" असं विचारा. माझ्या पाहण्यातल्या दोन-तीन घरांत आता हीच पद्धत पडली आहे. दुकानात बिल करताना बदलून देण्याची मुदत किती ते विचारा आणि बिलाच्या मागं लिहून घ्या. पुष्कळ ठिकाणी आठ ते पंधरा दिवस असते. एकसष्टी रविवारी आणि पुस्तक बुधवारी घेतलंत तर चार दिवस तिथंच गेले, म्हणून मुदत रविवारपासून धरायला सांगा. तोंड उघडून सांगितलं तर कोणी नाही म्हणत नाही.

आता प्रत तपासण्याबद्दल. हे जरा बारकाईनं सांगतो, कारण भेटीच्या पुस्तकात दोष निघाला तर तो तुमच्यापर्यंत कधीच पोचत नाही. घेणारा संकोचानं बोलत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडून गेलेल्या एका कादंबरीत पान १९२ नंतर पुन्हा १७७ सुरू होत होतं आणि १९३ ते २०८ ही पानं नव्हतीच. निवृत्तीच्या समारंभात दिलेली प्रत होती ती. त्या गृहस्थांनी वर्षभरानं, दुसरंच काही घ्यायला आले तेव्हा, सहज बोलता बोलता सांगितलं. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून भेट म्हणून जाणारी प्रत्येक प्रत मी स्वतः चाळतो.

असं का होतं, तर पुस्तक सुट्या पानांचं बांधत नाहीत. मोठ्या कागदावर पुष्कळ पानं एकदम छापतात आणि घड्या घालून त्याची जुडी करतात. तिला फर्मा म्हणतात, आणि तो बहुतेक सोळा पानांचा असतो. बांधणीच्या वेळी एखादा फर्मा दोनदा लागतो, एखादा सुटतो, एखादा उलटा बसतो. त्यामुळे चूक एकट्यादुकट्या पानाची नसते, सोळाच्या घासाची असते. वरच्या प्रतीत बारावा फर्मा दोनदा आला होता आणि तेरावा राहिला होता. म्हणून पानन् पान बघायची गरज नाही. पुस्तक डाव्या हातात धरून अंगठ्यानं पानं सोडत जा आणि खालचे आकडे बघा. १६, ३२, ४८, ६४ असे जोड आले की तिथं क्षणभर थांबून पुढचा आकडा सलग आहे ना ते पाहा. सुरुवातीच्या प्रस्तावनेच्या पानांना वेगळे आकडे असतील तर हे जोड पुढंमागं सरकतात, पण सोळाचं अंतर तेच राहतं. तीनशे पानांच्या पुस्तकाला दोन मिनिटं पुरतात. प्लास्टिकमध्ये बंद प्रत असेल तर ती उघडून द्यायला सांगा. भेट द्यायची आहे म्हणून बंद प्रतच न्यावी हा गैरसमज आहे.

एकसष्टीच्या वाचकासाठी अक्षराचा आकारही बघा. जुन्या पुस्तकांची काही पुनर्मुद्रणं जुन्याच पानांवरून केलेली असतात, त्यात अक्षर बारीक आणि जागोजागी पुसट असतं. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला ते वाचता येईल आणि फरक कळणार नाही. दुकानातल्या एखाद्या वयस्कर माणसाच्या हातात पुस्तक द्या आणि त्याला मधलं कुठलंही पान वाचायला सांगा. तो पुस्तक लांब धरायला लागला की दुसरी आवृत्ती मागा. आणि ते आडवं पडून वाचतात का, हेही घरी विचारून ठेवा. सातशे पानांचं पुठ्ठा बांधणीचं पुस्तक छातीवर धरून वाचता येत नाही, ते नुसतं कपाटात जातं. तेच कागदी बांधणीत मिळत असेल तर ते घ्या, दिसायला जरा साधं असलं तरी.

आता समजा, यातलं काहीच जमलं नाही. फोटो नाही, बोलणं नाही, शनिवार उजाडला. तेव्हा कादंबरी घेऊ नका. कादंबरी आवडली नाही तर सगळीच वाया जाते, आणि पन्नास पानं वाचून सोडली हे होणाऱ्या सुनेला सांगणं अवघड असतं. त्यापेक्षा व्यक्तिचित्रांचा किंवा ललित लेखांचा संग्रह घ्या, ज्यात पंधरा-वीस स्वतंत्र लेख असतात. त्यातले चार आवडले तरी पुस्तक राहतं. निवड त्यांच्या कामावरून किंवा मूळ गावावरून करा. माणूस शिक्षक होता की बँकेत होता, गडहिंग्लजकडचा की पन्हाळ्याकडचा, एवढं तर तुम्हाला ठाऊक असेलच, आणि दुकानदाराला एवढ्यावर चार पुस्तकं काढता येतात. एक मात्र टाळा. निवृत्तीनंतर कसं जगावं, मधुमेह कसा सांभाळावा, मन शांत कसं ठेवावं, असली पुस्तकं तुमच्या हातून जाऊ देऊ नका. हेतू कितीही चांगला असला तरी लहानानं मोठ्याला दिलेला सल्ला होतो तो, आणि तुमचं तर अजून लग्नही व्हायचंय. मघाशी प्लास्टिकमध्ये राहिलेली पुस्तकं म्हणालो, त्यांत हीच जास्त असतात.

तुमचं काम या क्रमानं करा. आज-उद्या त्यांच्याशी बोलणं काढा किंवा फोटो मागवा. काहीही करून बुधवारपर्यंत दुकानात जा, कारण हरवलेलं पुस्तक जुनं असेल तर ते कोल्हापुरात रॅकवर असेलच असं नाही. पुण्याहून मागवायला दोन-तीन दिवस लागतात, आणि आवृत्ती संपली असेल तर तेही तेव्हाच कळेल, हातात वेळ असताना. तसं झालं तर जुन्या पुस्तकांच्या दुकानात चौकशी करा. वापरलेली पण धड प्रत अशा वेळी द्यायला हरकत नाही, कार्डावर तेवढं लिहा म्हणजे झालं. जाताना फोनमध्ये फोटो ठेवा, आणि संध्याकाळी सात-आठच्या गर्दीत न जाता दुपारी तीन-चारला जा. त्या वेळी काउंटरवरच्या माणसाला तुमच्याबरोबर एकेक फळी बघत बसायला सवड असते.